प्रवाह उलटतो, पण नेमका केव्हा?

ओरलच्या दिवशी इलेक्ट्रिकल मशिन्स लॅबच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "कॉम्युटेटर दर अर्ध्या फेरीला प्रवाहाची दिशा उलटवतो, त्यामुळे टॉर्क एकाच दिशेने राहतो." रांगेतला प्रत्येक जण हे डोळे मिटून पुटपुटत असतो. आत जातो, म्हणून टाकतो आणि जर्नलवर सही घेऊन बाहेर येतो.

वाक्यात चूक काहीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य शंभर टक्के पाळूनसुद्धा मोटार बंद राहू शकते! दर अर्ध्या फेरीला प्रवाह इमानेइतबारे उलटतोय आणि मोटार मात्र जागची हलायला तयार नाही, असं होतं. कारण खरा प्रश्न 'उलटतो का' हा नाहीच, 'केव्हा उलटतो' हा आहे. आणि ते 'केव्हा' ठरवण्यात कॉम्युटेटरइतकाच वाटा ब्रशचा आहे. बिचाऱ्या ब्रशबद्दल ओरलमध्ये कोणी विचारत नाही. विचारलंच तर 'कार्बनचेच का असतात' एवढ्यावर भागतं.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. बेसिक इलेक्ट्रिकल तुम्हालाही चुकलेलं नाही, आणि ह्या लेखाला सायकल चालवता येण्यापलीकडे काही लागत नाही.

पुस्तकातली आकृती डोळ्यांसमोर आणा. डावीकडे चुंबकाचा उत्तर ध्रुव, उजवीकडे दक्षिण ध्रुव, मध्ये तारेची चौकोनी चौकट. चुंबकक्षेत्र डावीकडून उजवीकडे, आडवं. चौकटीचा आस आपल्यापासून आत कागदात जाणारा. चौकट आडवी असताना तिची एक बाजू डाव्या ध्रुवाजवळ, दुसरी उजव्याजवळ. प्रवाह सोडला की डाव्या बाजूवर वरच्या दिशेने बल, उजव्या बाजूवर खालच्या दिशेने. चौकट घड्याळाच्या काट्यांसारखी फिरायला लागते. इथपर्यंत फ्लेमिंगचा डावा हात सगळ्यांनीच परीक्षेत बेंचखाली वळवून बघितलेला असतो.

आता इथे जरा थांबू या. चौकट आकड्यांत घेऊ, म्हणजे हवेतल्या गप्पा राहणार नाहीत. समजा २० वेढे आहेत. ध्रुवासमोरची बाजू ५ सेंटिमीटर लांब आहे आणि चौकटीची रुंदी ४ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजू आसापासून २ सेंटिमीटरवर. क्षेत्र ०.१ टेस्ला, प्रवाह १ अँपिअर. मग एका बाजूवरचं बल येतं ०.१ न्यूटन. साधारण दहा ग्रॅम वजनाइतकं. दोन बाजू मिळून टॉर्क ०.००४ न्यूटन-मीटर. दशांशचिन्हानंतरची शून्यं मोजायचा कंटाळा येतो, म्हणून पुढे त्याला नुसतं ४ म्हणू आणि एकक मिली-न्यूटन-मीटर समजू.

हे ४ फक्त चौकट आडवी असताना. ती वर चढू लागते तसा टॉर्क कमी होतो आणि चौकट पूर्ण उभी झाली की शून्य होतो. का शून्य होतो, असं विचारा बरं कोणाला. निम्मे लोक सांगतील, बल शून्य होतं म्हणून. नाही हो! बल तेवढंच आहे. चौकट उभी असतानाही वरच्या बाजूवर ०.१ न्यूटन वर, खालच्या बाजूवर ०.१ न्यूटन खाली. तार तीच, प्रवाह तोच, क्षेत्र तेच, मग बल कमी व्हायला कारणच काय? शून्य झालेला असतो तो हात. दोन्ही बलं आता आसाच्या रेषेतून जातात. ती चौकटीला ताणतात, फिरवत नाहीत.

ही गोष्ट नीट कळली की कॉम्युटेटर निम्मा कळला. सायकलचं पॅडल घ्या. आपला पाय कायम खालीच दाबतो. पुढचं पॅडल खाली जाताना त्या दाबाने सायकल पुढे जाते. पॅडल अगदी तळाला पोचलं की कितीही दाबा, काही उपयोग नाही. आणि ते तळ ओलांडून मागून वर यायला लागलं, तरी तुम्ही दाबतच राहिलात तर? तोच दाब आता सायकलला अडवतो. दाबाची दिशा बदललेली नाही, पॅडलची जागा बदलली आहे. म्हणून आपण बरोबर तळाला पाय बदलतो. कोणी शिकवलेलं नसतं, पण बदलतो.

चौकटीचं हुबेहूब हेच. जी बाजू डावीकडून वर ढकलली जात होती, ती माथा ओलांडून उजवीकडे आली तरी तिच्यावरचं बल वरच आहे. जायचंय खाली, आणि बल वर. म्हणजे टॉर्क उलटा. चौकटीला दोन अखंड कड्यांतून, म्हणजे स्लिप रिंगमधून, प्रवाह दिला तर ती उभी होते, थोडी पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि शेवटी उभीच थांबते. मोटार न होता होकायंत्राची सुई होते म्हणा ना.

तेव्हा पाय बदलायचा कुठे, हे ठरलं. चौकट उभी असताना. ना आधी, ना नंतर.

आता पाय बदलणार कोण? इथे कड्याचे दोन तुकडे येतात. चौकटीच्या एका टोकाला एक अर्धं कडं, दुसऱ्या टोकाला दुसरं, मध्ये दोन फटी. ही कडी आसावरच बसलेली, त्यामुळे चौकटीबरोबर फिरणारी. त्यांना घासून जाणारे दोन ब्रश मात्र सांगाड्याला घट्ट. माझ्या मते सगळी गंमत ह्या 'घट्ट'मध्ये आहे. कड्याला माहीत असतं चौकट कुठे आहे, कारण ते तिच्याशी बांधलेलं आहे. ब्रशला माहीत असतं चुंबक कुठे आहे, कारण तो त्याच्याच सांगाड्याला बांधलेला आहे. फट ब्रशखाली आली, ह्याचा अर्थ चौकट चुंबकाच्या संदर्भात ठरलेल्या कोनात आली. दोघांपैकी एकट्याला हे कळणं शक्य नाही. मराठीत कॉम्युटेटरला दिक्परिवर्तक म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण दिशा कधी बदलायची ह्याचा अर्धा हिशेब ब्रशकडे आहे, हे त्यात कुठे दिसत नाही.

आता प्रयोग. आपल्या चौकटीचे ब्रश डावी-उजवीकडे आहेत आणि फटी चौकटीच्या पातळीशी काटकोनात. म्हणजे चौकट उभी झाली की फटी बरोबर ब्रशसमोर. सगळं जुळलेलं आहे. अशा वेळी टॉर्क दर अर्ध्या फेरीत शून्यापासून ४ पर्यंत चढतो, पुन्हा शून्यावर येतो, पण शून्याच्या खाली कधीच जात नाही. सरासरी काढली तर ४ ला २ ने गुणून पायने भागायचं, म्हणजे साधारण २.५५. फिरताना विरोधी विद्युतदाब तयार होतो, त्यामुळे प्रवाह १ अँपिअर टिकत नाही हे मान्य, पण दिशेच्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू.

आता ब्रशची जोडी आसाभोवती ३० अंश सरकवा. बाकी कशाला हात लावू नका. प्रवाह अजूनही दर अर्ध्या फेरीला उलटतोच आहे, ओरलचं वाक्य सुखरूप आहे. पण आता तो चौकट उभी झाल्यावर ३० अंश उशिरा उलटतो. ते ३० अंश चौकटीला मागे ओढणारा टॉर्क असतो. सरासरी होते २.५५ गुणिले कोसाइन ३०, म्हणजे २.२. फार फरक नाही, म्हणूनच घरगुती मॉडेलमध्ये थोडं वाकडंतिकडं खपून जातं. ६० अंश सरकवा, सरासरी निम्मी, १.२७. ९० अंश सरकवा, सरासरी शून्य. आधी जेवढं पुढे ढकललं तेवढंच मागे ओढलं. प्रवाह अजूनही दर अर्ध्या फेरीला उलटायला तयारच आहे, पण मोटार ढिम्म! ९० च्या पुढे गेलात तर मोटार उलटी फिरायला लागेल, आणि १८० अंशांवर पूर्ण जोमाने उलटी, कारण आता तुम्ही दोन ब्रशची नुसती अदलाबदल केलेली आहे. ब्रश उशिरा नेण्याऐवजी आधी नेले तरी हिशेब तोच, फक्त मागे ओढणारा भाग चौकट उभी होण्याच्या आधी येतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. आमच्या विंगमधला एक किस्सा सांगतो. मागच्या वर्षी टेक-फेस्टला फर्स्ट इयरच्या मुलांना दाखवायला म्हणून माझा रूमपार्टनर सेफ्टी पिनची मोटार करत होता. सगळ्यांनी शाळेत पाहिलेली तीच. इनॅमलच्या तारेचं गोल वेटोळं, दोन्ही टोकं सरळ बाहेर काढून दोन सेफ्टी पिनांच्या भोकात टेकवलेली, पिना सेलच्या दोन टोकांना, आणि वेटोळ्याच्या खाली एक चपटं चुंबक. ह्या मोटारीत कडी नसतात. तारेच्या टोकांवरचं इनॅमल एकाच अंगाने, अर्ध्या घेरावर खरवडायचं. तोच कॉम्युटेटर. सेफ्टी पिना म्हणजे ब्रश.

अर्थात हा कॉम्युटेटर प्रवाह उलटवत नाहीच. अर्धी फेरी चालू, अर्धी फेरी बंद. एका पायाने सायकल चालवल्यासारखं. जो अर्धा भाग मागे ओढणार होता, त्यात पायच उचलून घ्यायचा आणि मिळालेल्या गतीवर पुढे जायचं. सरासरी टॉर्क निम्मा मिळतो, पण तो एकाच दिशेचा असतो. आणि पूर्ण घेर खरवडला की काय होतं? स्लिप रिंग झाली. दोन झोके आणि खेळ खलास.

तर साहेबांनी सगळं केलं आणि मोटार फिरेना. वेटोळं जरा हालायचं, दोन-तीन झोके घ्यायचं आणि आडवं पडून राहायचं. सेल बदलला, चुंबकावर चुंबक ठेवलं, सेल उलटा लावला, पिना घासून चकचकीत केल्या. मग खापर तारेवर, दुकानदारावर, आणि शेवटी नेहमीप्रमाणे हॉस्टेलच्या वास्तूवर.

लॅबमधले एक काका त्या दिवशी काही कामासाठी हॉस्टेलवर आले होते. त्यांनी वेटोळं उचललं, चष्मा कपाळावर सरकवून टोकं बघितली आणि विचारलं, "काय रे, हे खरवडताना धरलं कसं होतंस? आडवं का उभं?"

"आडवं, काका. टेबलावर ठेवून वरून पटरी घासली."

"मग बरोबर आहे. ह्याला चालू करायच्या वेळी बंद आहे, नि बंद करायच्या वेळी चालू आहे."

मग त्यांनी वेटोळ्याला हातही लावला नाही. खालचं चुंबक उचललं आणि वेटोळ्याच्या शेजारी, आसाच्या उंचीवर, त्याची सपाट बाजू वेटोळ्याकडे करून धरलं. बोटाने एक टिचकी मारली, आणि मोटार भिरभिरायला लागली.

चुंबक खाली असताना क्षेत्र उभं असतं. मग पाय बदलायची जागाही बदलते. उभ्या क्षेत्रात वेटोळं उभं असताना टॉर्क सर्वांत जास्त आणि आडवं असताना शून्य, पुस्तकातल्या आकृतीच्या बरोबर उलट. म्हणजे प्रवाह चालू राहायला हवा आडव्यापासून उभ्यातून पुन्हा आडव्यापर्यंत. त्यासाठी खरवडताना वेटोळं उभं धरावं लागतं. ह्याने ते आडवं ठेवून वरून खरवडल्यामुळे प्रवाह चालू राहत होता उभ्यापासून आडव्यातून पुन्हा उभ्यापर्यंत. त्यातला निम्मा भाग पुढे ढकलणारा, निम्मा मागे ओढणारा. वर सांगितलेली ९० अंशांची चूक ती हीच. सेल उलटा लावून ती कशी सुटणार? पुढचं मागचं झालं, मागचं पुढचं झालं, बेरीज शून्यच. काकांनी ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही, तर क्षेत्रच ९० अंश फिरवलं. तिघांमधला कोन महत्त्वाचा आहे, कोण हलला त्याला महत्त्व नाही.

त्या खोलीत त्या दिवशी सहा जण होतो, आणि सहाच्या सहा जणांना ओरलमध्ये कॉम्युटेटरच्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते.

बरं, कोन जुळवला की सगळं सुरळीत होतं का? तेही नाही. दोन तुकड्यांच्या कॉम्युटेटरची एक दुखरी जागा शिल्लक राहतेच. चौकट नेमकी उभी असताना थांबली असेल तर तिला सुरू करायला टॉर्कच नाही. सायकलची दोन्ही पॅडलं वर-खाली सरळ रेषेत असताना चढावर निघायचा प्रयत्न करून बघा. आपल्या आकड्यांत सांगायचं तर, समजा आसाचं घर्षण १ मिली-न्यूटन-मीटर आहे. टॉर्क १ च्या खाली असतो तो उभ्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेचौदा अंश. अशा दोन जागा धरल्या तर ३६० पैकी ५८ अंश मेलेले. म्हणजे साधारण सहापैकी एकदा तुमची मोटार आपोआप सुरू होणार नाही, टिचकी मारावी लागेल. परीक्षक समोर असताना हे सहावं कधी येतं, ते सांगायला नको. खेळण्यातल्या गाडीची मोटार उघडलीत तर आत दोन नाही, तीन तुकड्यांचा कॉम्युटेटर आणि तीन गुंडाळ्या दिसतील, त्या ह्यासाठीच. एक गुंडाळी निष्क्रिय जागी असली तरी उरलेल्या दोन कामावर असतात.

उभ्या स्थितीत दुसरंही एक संकट आहे, आणि ते ब्रशच्या रुंदीचं आहे. फट ब्रशखालून जात असताना ब्रश फटीपेक्षा रुंद असला तर तो एकाच वेळी दोन्ही कड्यांना टेकतो. समोरचा ब्रशही तेच करत असतो. मग प्रवाहाला चौकटीतून जायची गरजच काय? एका ब्रशमधून कड्यावर, कड्यावरून दुसऱ्या ब्रशमध्ये. सरळ शॉर्ट सर्किट. कड्याचा व्यास १० मिलिमीटर, फट १ मिलिमीटर आणि ब्रश २ मिलिमीटर असेल तर प्रत्येक वेळी साधारण साडेअकरा अंश सेल शॉर्ट होतो. फिरताना ते पटकन निघून जातं, पण मोटार तिथेच अडकून थांबली तर सेल, ब्रश, सगळं तापतं. ब्रश फटीपेक्षा अरुंद ठेवला तर शॉर्ट होत नाही, पण प्रवाह क्षणभर तुटतो, आणि वेटोळ्यातला प्रवाह काही आज्ञाधारक नसतो, तो तुटताना ठिणगी पाडून जातो. एका चौकटीच्या मॉडेलमध्ये ठिणगी परवडते, शॉर्ट परवडत नाही, म्हणून फट ब्रशपेक्षा किंचित मोठी ठेवावी.

मोठ्या यंत्रात हेच गणित उलटं असतं, आणि वर्गात ह्यामुळे गोंधळ होतो. तिथे कॉम्युटेटरला अनेक तुकडे असतात आणि ब्रश मुद्दाम एकापेक्षा जास्त तुकड्यांवर टेकलेला असतो. त्याने शॉर्ट होते ती फक्त त्या क्षणी दिशा बदलणारी गुंडाळी, आणि ती तेव्हा अशा जागी असते जिथे तिच्यात जवळजवळ दाबच तयार होत नाही. ही जागा लोड वाढल्यावर थोडी सरकते, कारण आर्मेचरचं स्वतःचं चुंबकक्षेत्र मुख्य क्षेत्राला वाकडं करतं. म्हणून इंटरपोल नसलेल्या मोटारीत ब्रश फिरण्याच्या दिशेच्या विरुद्ध थोडे मागे घ्यावे लागतात. ब्रशची जागा चुकली हे तिथे कळतं ते ठिणग्यांवरून. वेग किंवा ताकद कमी झाल्याचं नंतर लक्षात येतं.

जाता जाता ब्रश ह्या नावाबद्दल. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८३२ मध्ये कॉम्युटेटर असलेली मोटार केली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पिक्सी यांच्या जनित्राला अँपिअर यांच्या सूचनेवरून कॉम्युटेटर बसवला गेला. पुढे बराच काळ कड्याला घासायला तांब्याच्या तारांच्या जुड्या वापरत, आणि त्या खरोखर ब्रशसारख्या दिसत. कार्बनची कल्पना जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ मध्ये आणली. तारा गेल्या, ठोकळा आला, नाव मात्र राहिलं. मिक्सर दुरुस्त करणारा मात्र 'ब्रश' म्हणत नाही. तो म्हणतो, "कार्बन गेलेत." मला त्याची भाषा जास्त प्रामाणिक वाटते.

आता एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण मेसमध्ये तो येऊन गेला आहे. "कॉम्युटेटर आता राहिलाय कुठे? सगळीकडे ब्रशलेस. मेलेल्या गोष्टीवर चार पानं कशाला?" एक तर मेलेला नाही. मिक्सर, ड्रिल मशिन, खेळणी, गाडीचे स्टार्टर ह्यांत तो अजून घासतोय. आणि ब्रशलेसमध्ये नाहीसं काय झालं? घासणं नाहीसं झालं. चुंबक फिरू लागलं, गुंडाळ्या थांबल्या, आणि चुंबक कुठे आहे हे सांगायला बऱ्याच मोटारींत हॉल सेन्सर आला. त्याच्या सांगण्यावरून ट्रान्झिस्टर पाय बदलतात. तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा हेच करतो. तो सेन्सर चुकीच्या कोनात बसवला तर पंखा गुरगुरतो, तापतो, किंवा जागच्या जागी थरथरतो. आमच्या वेटोळ्याने केलं तेच.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी विभागातल्या सर्व सरांपुढे आणि मॅडमपुढे नम्रपणे ठेवतो. आपल्या लॅबमध्ये डीसी मशिनचं एक सुंदर रंगवलेलं कट-सेक्शन आहे. लाल, पिवळा, निळा. त्याच्याकडे बघून नावं पाठ होतात, पण त्याचे ब्रश सरकत नाहीत, त्यामुळे त्यातून 'केव्हा' हे कळणं शक्य नाही. त्याच्या शेजारी एका चौकटीची मोटार ठेवावी, जिचे ब्रश आसाभोवती सरकवता येतील आणि खाली कोनमापक चिकटवलेला असेल. लाकडी फळी, दोन चुंबकं, तांब्याच्या नळीचा एक तुकडा करवतीने उभा दुभागलेला, इनॅमलची तार आणि दोन पितळी पट्ट्या. वर्कशॉपमध्ये ह्यातलं बरंच पडलेलंच असतं.

आणि ओरलमध्ये व्याख्या विचारण्याऐवजी एक मल्टिमीटर हातात द्यावा. सेल काढून टाकायचा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन ब्रशना लावायचा आणि चौकट हाताने हळूहळू फिरवायची. पी-पी आवाज ज्या क्षणी बंद पडेल, तिथे फट ब्रशखाली आली. त्या क्षणी चौकट कुठल्या कोनात आहे हे बघून विद्यार्थ्याने सांगायचं, ही मोटार चालेल का, किती जोमाने चालेल, आणि कुठल्या बाजूला फिरेल. शेवटच्या प्रश्नासाठी सेल आणि चुंबकाच्या खुणा दाखवाव्या लागतील, तेवढ्या दाखवाव्यात. मग सेल लावून खरं-खोटं करायचं. आधी कोणीतरी ब्रश मनाला येईल त्या कोनात सरकवून ठेवायचे, म्हणजे बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना उत्तर सांगता येणार नाही.

वेळ लागेल, असं कोणी म्हणेल. आम्ही खोलीत घड्याळ लावून बघितलं. एका मुलामागे चार मिनिटं लागतात, आणि त्यातलं दीड मिनिट मल्टिमीटरची पिन शोधण्यात जातं.